एकाच जॉबवर ओव्हरहेडचे तीन रेट आणि पार्टीच्या मालाचा घोळ: पार्श्वभूमी

ओव्हरहेड म्हणजे भाडं, लाइट बिल, घसारा असा कुठल्या एका जॉबचा नसलेला खर्च. तो जॉबवर बसवायचे रेट तीन: डायरेक्ट लेबर अवर, मशिन अवर आणि प्राइम कॉस्टवर, म्हणजे माल अधिक मजुरीवर टक्का. तिन्हींची सूत्रं सगळ्यांना येतात त्यामुळे ती परत लिहीत नाही. पण एकाच जॉबवर तिन्ही लावले की आकडे एवढे लांब का जातात आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुठला रेट धरायचा हा वाद प्राइम कॉस्टपाशीच का अडकत आला, त्याची पार्श्वभूमी सांगतो.

जुना इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकातल्या वर्कशॉपमध्ये मजुरी आणि माल हाच मोठा खर्च, बाकी शेडचं भाडं, कोळसा, मुकादम एवढंच, म्हणून त्यावर एक टक्का चढवला की भागायचं. 1900 च्या आसपास यंत्रं महाग झाली तसा मशिन अवरचा विचार पुढे आला, पण टक्का लावायला जॉब कार्डावर तास लिहायची गरज नसते म्हणून टक्का टिकला. आपल्याकडे 1960 च्या दशकात वागळे इस्टेट आणि मग खाडीपलीकडे रबाळे, महापे, तुर्भे असे गाळे उभे राहिले, तिथेही बहुतेक ठिकाणी कोटेशन म्हणजे माल अधिक मजुरी अधिक टक्का. तेव्हा सगळ्यांची लेथ सारखी होती, मालही बहुतेक माइल्ड स्टील, त्यामुळे कुणाला फारसं टोचलं नसावं.

आता उदाहरण घेऊ. समजा रबाळेतलं एक मशिन शॉप आहे. वर्षाचा प्रॉडक्शन ओव्हरहेड 72 लाख, कामगारांचे 24,000 तास, मशिनचे 18,000 तास, मजुरी तासाला 100 रुपये म्हणजे 24 लाख आणि माल 1 कोटी 20 लाखांचा. म्हणजे लेबर अवर रेट 300, मशिन अवर रेट 400, आणि प्राइम कॉस्ट 1 कोटी 44 लाख म्हणून टक्का 50. तिन्ही रेट वर्षाचे तेच 72 लाख वसूल करतात, फरक फक्त कुठल्या जॉबवर किती बसतात एवढाच.

जॉब 20 पंप शाफ्टचा. 316 स्टेनलेसचा 40 मिमी बार, अर्ध्या मीटरचा एक तुकडा साधारण 5 किलो, म्हणजे 100 किलो माल, 320 रुपये किलोने 32,000. कामगारांचे 40 तास, मजुरी 4,000. मशिनचे 24 तास, बाकी वेळ डीबरिंग, पॉलिश आणि मोजमापात गेला. प्राइम कॉस्ट 36,000. टक्क्याने ओव्हरहेड 18,000, लेबर अवरने 12,000, मशिन अवरने 9,600. एकूण कॉस्ट अनुक्रमे 54,000, 48,000 आणि 45,600. टक्क्याचा आकडा फुगला कारण स्टेनलेस महाग आहे, बाकी काही नाही. उद्या बार 400 रुपये किलो झाला की माल 40,000 होतो आणि ओव्हरहेड आपोआप 22,000, म्हणजे 4,000 जास्त, आणि शेडमध्ये एक दिवासुद्धा जास्त जळलेला नसतो.

आता तोच जॉब, तेच ड्रॉइंग, तोच बार, फक्त बार पार्टीने पाठवला, म्हणजे आपल्या भाषेत लेबर जॉब. प्राइम कॉस्ट उरली 4,000, त्यावर 50 टक्के म्हणजे ओव्हरहेड 2,000, कॉस्ट 6,000. लेबर अवरने मात्र ओव्हरहेड 12,000 च राहतो, कॉस्ट 16,000. मशिन अवरने 9,600 आणि कॉस्ट 13,600. एकाच मशिनवर तेवढेच तास चाललेल्या जॉबवर एकदा 18,000 आणि एकदा 2,000. टक्क्यावर भाव काढणारा 8,000 ला ऑर्डर घेतो आणि 2,000 सुटले म्हणून खूश असतो.

यावर पट्ट्यात एक तोडगा निघाला आणि खरा वाद तोच आहे. तोडगा असा की पार्टीच्या मालाची बाजारकिंमत कागदावर धरायची, प्राइम कॉस्ट 36,000 करायची, टक्का लावून 18,000 काढायचे आणि शेवटी मालाचे 32,000 वजा करायचे. कॉस्ट येते 22,000. पार्टी साहजिकच म्हणते की माल माझा, पैसे माझे अडकले, आणि माझ्याच मालावर तुम्ही टक्का घेता? या तोडग्याला बळ मिळालं ते एक्साइजमुळे. 1988-89 च्या निकालांनी प्रोसेस केलेल्या कापडाच्या बाबतीत ठरवलं की जॉबवर्करने ड्युटी भरायची तर किमतीत दुसऱ्याच्या कच्च्या मालाची किंमतही धरायची, जॉबचार्ज आणि त्याचा नफा त्यावर. ते ड्युटीच्या मूल्यापुरतं होतं, ओव्हरहेड कसा वाटायचा याबद्दल त्यात काही नव्हतं. पण पार्टीचा माल हिशोबात धरायची सवय लागली आणि बरेच जण मग ओव्हरहेडच्या शीटमध्येही तेच करू लागले. माझ्या मते ही गल्लत होती. माल साठवायचा, उतरवून घ्यायचा, विमा काढायचा खर्च असेल तर तो मालाच्या किलोवर वेगळा लावा, पण मशिनचा घसारा आणि लाइट बिल यांचा बारच्या किमतीशी संबंध काय? 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जॉबवर्कवर कर फक्त जॉबचार्जवर लागू लागला, त्यामुळे तोडग्याचा तो आधारही गेला, तरी जुनी एक्सेल शीट चालूच आहे अनेकांकडे.

गडबड पकडायची असेल तर वर्षाअखेरची वसुली बघा. वरच्याच शॉपमध्ये निम्मा माल पार्टीकडून यायला लागला, तास तेवढेच, तर प्राइम कॉस्ट 84 लाख, 50 टक्क्याने ओव्हरहेड वसूल 42 लाख. 30 लाख कुठल्याच जॉबवर बसले नाहीत. लेबर अवर किंवा मशिन अवरवर असता तर पूर्ण 72 बसले असते. शेड भरलेली, शिफ्ट चालू, आणि तरी अंडर-अ‍ॅब्सॉर्प्शन एवढं, तर दोष कामाचा नाही, बेसचा.

लेबर अवर मग बरा का? हातकामाच्या शॉपला बराच बरा. पण सीएनसी आल्यावर एक ऑपरेटर दोन मशिन बघायला लागला आणि तिथे तो उलटा पडला. 24 मशिन तासांचा जॉब 12 कामगार तासांत निघाला तर लेबर अवरने ओव्हरहेड 3,600, मशिन अवरने 9,600. महागडं मशिन स्वस्त दिसतं आणि फिटरच्या टेबलावरचं काम महाग.

मशिन अवरमध्येही सगळ्या मशिनला सरसकट 400 लावणं फसवं आहे. या शॉपमध्ये सीएनसीचे 8,000 तास आणि त्यांच्या वाट्याचे 48 लाख, म्हणजे तासाला 600, जुन्या मशिनचे 10,000 तास आणि 24 लाख, म्हणजे 240. आपल्या शाफ्टचे 14 तास सीएनसीवर आणि 10 जुन्यावर गेले असतील तर ओव्हरहेड 8,400 अधिक 2,400, 10,800 होतो. शिवाय काही जण रेटमध्ये ऑपरेटरची मजुरीही धरतात, तसं केलं तर प्राइम कॉस्टमधून ती काढायला हवी, नाहीतर दोनदा लागते आणि हे कोटेशनमध्ये सर्रास दिसतं.

आज महापे-रबाळेकडे पार्ट्या स्वतःच मशिनचा तासाचा रेट विचारतात, मालाचा भाव वेगळा. त्यामुळे टक्क्यावरची भांडणं कमी झाली आणि सेटिंगच्या तासांवर सुरू झाली, कारण 20 नगांच्या जॉबला 4 तास सेटिंग लागलं आणि 200 नगांनाही 4 च लागलं तर ते 4 तास नगावर वाटायचे की वेगळे बिल करायचे, हे पार्टी आधी मान्य करून देत नाही.