वाळूच्या आलेखाचे शेपूट

खोदकामात वाळूचा थर लागला की ‘इथे कधीकाळी समुद्र होता’ अशी बातमी होते, आणि तिच्या मागोमाग एखाद्या पुराणकथेतला प्रलयही सिद्ध झाल्याचे सांगितले जाते. पण वाळू नदीही टाकते आणि वाराही टाकतो. नुसत्या थरावरून प्रलय सिद्ध होत नाही. थर कोणी टाकला याचा अंदाज घ्यायचा तर वाळू चाळून पाहावी लागते, आणि त्यातही कणांच्या सरासरी आकारापेक्षा दोन्ही टोकांचे मूठभर कण जास्त बोलतात.

किनाऱ्यावर लाट चढते तेव्हा बारीक-जाड सगळे कण सोबत आणते. परतणारे पाणी बारीक कण तरंगत ठेवून खोल समुद्राकडे नेते. जाड कण आणि शिंपल्यांचे तुकडे मागे राहतात. हे दिवसात हजारो वेळा घडते. त्यामुळे पुळणीच्या वाळूत बहुतेक कण एकाच मापाचे असतात. कोणत्या मापाची वाळू किती याचा आलेख काढला तर त्याचे बारीक टोक छाटलेले असते आणि जाड बाजूला एक लांब शेपूट उरते. वाऱ्याचे उलटे आहे. जाड कण त्याला उचलतच नाहीत, आणि त्याने रचलेल्या वाळूच्या टेकडीच्या कणांमध्ये अडकलेली बारीक धूळ धुऊन नेणारे कोणी नसते, म्हणून तिथे शेपूट बारीक बाजूला निघते. नदीचा पूर ओसरताना जाड, मध्यम, गाळ असे सगळे एकत्र खाली बसते, त्यामुळे प्रतवारी, म्हणजे कणांचा एकसारखेपणा, सहसा खराब असते.

आता पुळणीचा एक नमुना घेऊ. आधी तो गोड्या पाण्याने धुवायचा, कारण वाळलेले मीठ कणांना चिकटवून खोटे जाड कण तयार करते. वाळवल्यावर ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, आणि हे 100 ग्रॅम उरेपर्यंत करायचे. थेट पिशवीतून मूठभर वाळू घेतली तर चुकते, कारण वाहतुकीत हादरे बसून जाड कण वर आलेले असतात. चाळण्यांची उतरंड यंत्रावर 10 ते 15 मिनिटे हलवली आणि प्रत्येक चाळणीवरची वाळू तोलली, तर समजा असे वजन मिळाले:

```
चाळणी (मायक्रॉन)  फाय    ग्रॅम
710               0.5     1
500               1.0     2
355               1.5     7
250               2.0    28
180               2.5    50
125               3.0    11
90                3.5     1
```

फाय म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा 2 या पायावरचा लॉगरिदम, उणे चिन्हासह. त्यामुळे फाय वाढला की कण बारीक होतो. वरून खाली वजनांची बेरीज करत गेलो की 5, 16, 50, 84 आणि 95 टक्क्यांना अंदाजे 1.14, 1.61, 2.12, 2.46 आणि 2.82 फाय मिळतात. फोक आणि वॉर्ड या भूवैज्ञानिकांच्या 1957 च्या सूत्राने प्रतवारी 0.47 येते. आकडा जितका लहान तितके कण एकसारखे, आणि 0.35 ते 0.50 म्हणजे चांगली प्रतवारी. शेपटाची दिशा सांगणारी विषमता उणे 0.18 येते. उणे म्हणजे जाड शेपूट, पुळणीला साजेसे.

इथेच एक सवय घात करते. चुनखडी काढून टाकण्यासाठी नमुना सरसकट सौम्य आम्लात धुतला जातो. समजा वरच्या दोन चाळण्यांवरचे 3 ग्रॅम आणि 355 वरचे 4 ग्रॅम शिंपल्यांचेच होते. ते विरघळले की उरलेल्या 93 ग्रॅमची विषमता सुमारे उणे 0.06 येते, म्हणजे जवळजवळ सममित. पुळणीची खूण आपणच पुसली! म्हणून नमुन्याचे दोन भाग करून एक शिंपल्यांसह आणि एक शिंपल्यांविना चाळावा.

दुसरी चूक जास्त वाळू टाकण्याची. 20 सेंटिमीटर व्यासाच्या चाळणीवर 50 ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा, पाच-एक कणांचा थर. तो दुप्पट झाला तर वरच्या कणांना भोक सापडतच नाही आणि वाळू आहे त्यापेक्षा जाड दिसते. ओळखायचे असे: तीच चाळणी आणखी एक मिनिट हाताने हलवा, तिच्यावरच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त वाळू खाली पडली तर चाळणे अपुरे आहे. सगळ्या वजनांची बेरीज 100 च्या वर गेली तर जाळीत अडकलेले आधीच्या नमुन्याचे कण सुटले आहेत. अशा वेळी चाळणी उलटी धरून मऊ ब्रशने झाडावी. जाळीतून टोकदार वस्तूने कण उपसू नयेत, तारा ताणल्या की भोकाचे माप कायमचे बिघडते.

एवढे सांभाळूनही आकडा एकट्याने निकाल देत नाही. जुन्या टेकडीची वाळू नदीने कापून आणली तर ती आधीचीच चांगली प्रतवारी घेऊन येते. त्यातून पुळणीचे आणि टेकडीचे आकडे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, कारण टेकडीची वाळू बहुधा शेजारच्या पुळणीतूनच उडालेली असते. तेव्हा थरातली तिरपी रेघ, शिंपले, खालचा-वरचा थर हे सगळे पाहूनच आलेख वाचायचा. आणि आलेखाला दोन शिखरे दिसली तर विषमता काढूच नये. तिथे दोन वेगळ्या वाळू मिसळलेल्या असू शकतात आणि एकाच शेपटाचा आकडा दोघींबद्दलही खोटे सांगतो.