गाई-म्हशींचा उष्णतेचा ताण आणि टीएचआय

टीएचआय म्हणजे तापमान-आर्द्रता निर्देशांक, हवा किती तापलीय आणि त्यात दमटपणा किती आहे हे दोन्ही एकत्र करून काढलेला एक आकडा. दुभत्या जनावराला उन्हाळा किती जड जातोय हे नुसत्या थर्मामीटरवरून कळत नाही म्हणून हा आकडा वापरतात. मुळात ही कल्पना माणसांसाठी होती, 1959 साली अमेरिकेत थॉम नावाच्या हवामानतज्ज्ञाने माणसाला हवा किती नकोशी होते ते मोजायला ती मांडली आणि मग 1964 च्या सुमारास मिसुरीतल्या संशोधकांनी ती दुभत्या गाईंना लावली. आज खूप चालणारं एक सूत्र हे:

```
THI = (1.8*T + 32) - (0.55 - 0.0055*RH) * (1.8*T - 26)
```

यात `T` म्हणजे सेल्सियसमधलं तापमान आणि `RH` म्हणजे आर्द्रतेची टक्केवारी. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

आता दमटपणाचा एवढा काय संबंध? गाय अंगातली उष्णता दोन वाटांनी बाहेर टाकते, एक म्हणजे अंगापेक्षा गार हवेला ती सरळ देऊन टाकते आणि दुसरी म्हणजे घाम आणि श्वासातून पाणी उडवून. पारा 38 च्या वर गेला की हवाच अंगाएवढी गरम असते, पहिली वाट बंद, मग सगळा भार पाणी उडण्यावर येतो, आणि हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर पाणी उडत नाही, साधं आहे, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तसं.

प्रत्यक्ष आकडे घालून बघा. सोलापूरकडची एप्रिलची दुपार घ्या, 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के, टीएचआय येतो साधारण 84. आता कोकणातली जूनची उघडीप घ्या, 32 अंश आणि 80 टक्के, टीएचआय 86! म्हणजे पारा आठ अंशांनी खाली आणि गाईला त्रास मात्र जरा जास्तच. पण खरा फरक रात्री पडतो. एप्रिलमध्ये पहाटे 24 अंश आणि 40 टक्के असेल तर आकडा 70 च्या आत येतो, गाईला रात्रीतून अंगातली उष्णता सोडायला सहा-सात तास मिळतात. जूनच्या त्या दमट रात्री 26 अंश आणि 85 टक्के म्हणजे 77, गाय रात्रभर तापलेलीच आणि सकाळी परत तेच सुरू. "पाऊस पडला, आता बरं वाटेल जनावराला" असं म्हणून पंखे बंद करणारे खूप, आणि दूध नेमकं तेव्हाच उतरतं. त्यात दूध त्याच दिवशी कमी होत नाही, एक-दोन दिवसांनी होतं, त्यामुळे दोष पेंडीवर नाहीतर चाऱ्यावर जातो.

पंखे-पाण्याचं कूलिंग टीएचआय कितीला सुरू करायचं? जुन्या तक्त्यात 72 हा उंबरठा आहे आणि तो ज्या गाईंवरून काढला त्या दिवसाला सुमारे 15 लिटर दूध देणाऱ्या होत्या. पुढे दूध वाढलं तसं गाईच्या पोटातली उष्णताही वाढली (जास्त खाणं, जास्त रवंथ, जास्त दूध, ही सगळी भट्टीच आहे), म्हणून 2009 मध्ये ॲरिझोनाच्या संशोधकांनी 35 लिटरच्या वरच्या गाईंसाठी उंबरठा 68 वर आणला. 68 म्हणजे किती, तर 22 अंश आणि 50 टक्के, आपल्याला तेव्हा स्वेटर काढावासा पण वाटत नाही. 72 म्हणजे 25 अंश आणि 50 टक्के. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या 12-15 लिटरच्या संकरित होल्स्टीन म्हणजे एचएफ गाईला 72 चालतं, 68 चा तक्ता छापून गोठ्यात लावायची गरज 30 लिटरच्या पुढच्या गोठ्यालाच. देशी गाय याहून बरंच सोसते.

म्हशीचं गणित वेगळं. कातडी काळी, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी, त्यामुळे उन्हात ती गाईच्या आधी तापते. पण सावलीत आणली किंवा पाण्यात सोडली की तितक्याच झपाट्याने गारही होते. आणि इथेच टीएचआयची मर्यादा दिसते, त्या सूत्रात ऊन नाही आणि वारा पण नाही, एकाच आकड्याला झाडाखालची म्हैस निवांत रवंथ करत असेल आणि उन्हात बांधलेली धापा टाकत असेल. म्हणून म्हशीसाठी आधी सावली, मग डुंबायला डबकं नाहीतर अंगावर पाणी, आकडा नंतर. उन्हाळ्यात म्हशी मुका माज करतात, म्हणजे माजावर येतात पण लक्षणं दाखवत नाहीत, त्यामागेही हा ताण एक मोठं कारण असतो, गाभण राहण्याचे महिने हातातून जातात.

आकडा किती का असेना, शेवटी जनावर बघायचं. कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला 60 च्या वर श्वास म्हणजे ताण सुरू झाला, 80 च्या वर म्हणजे चांगलाच, तोंड उघडं आणि जीभ बाहेर असेल तर मोजत बसू नका, पाणी मारा आणि डॉक्टरला फोन करा. गुदद्वारातलं तापमान गाईचं 38.5 च्या आसपास असतं, 39.2 च्या वर गेलं की ती उष्णता सोडू शकत नाहीये. मोजणी दुपारी तीनला एकदा आणि पहाटे पाचला एकदा करा. पहाटेही श्वास 60 च्या वर असेल तर रात्री पण पंखे हवेत, हे सगळ्यात कामाचं लक्षण आणि ते कोणी बघत नाही. हवा मोजायचं यंत्र गाईच्या पाठीच्या उंचीवर, सावलीत टांगा, मोबाईलवरचा हवामानाचा आकडा पत्र्याखालच्या गोठ्याला लागू पडत नाही.

कूलिंगमध्ये गल्लत होते ती फॉगरवरून, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी उडवणाऱ्या यंत्रावरून. फॉगर हवा गार करतो, गाय नाही. वरच्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी फॉगरने गोठा 40 वरून 30 अंशांवर आला तर आर्द्रता वाढून 50 टक्क्यांच्या आसपास जाते आणि टीएचआय 84 वरून 78 होतो, फायदा आहे. जूनच्या दमट हवेत मात्र फॉगरने 32 चे 30 झाले तरी आर्द्रता 90 च्या वर आणि आकडा 86 वरून फार तर 85, शिवाय पायाखाली चिखल. तिथे गाईची पाठच भिजवायची, मोठ्या थेंबांच्या शॉवरने साधारण एक मिनिट, केस कातडीपर्यंत ओले होईपर्यंत, आणि मग चार-पाच मिनिटं नुसता जोराचा पंखा, परत तेच, टायमर लावून. गाईची कातडी 35 अंशांच्या आसपास असते त्यामुळे दमट हवेतही तिच्यावरचं पाणी वाऱ्याने उडतं आणि उष्णता तिच्या अंगातून जाते. पंख्याशिवाय नुसतं पाणी मारलं तर ओलं घोंगडं पांघरल्यासारखं होतं. पाणी कासेपर्यंत ओघळायला लागलं की थांबवा, ओले सड आणि ओली जमीन म्हणजे दगडीला, कासेच्या सुजेला, आमंत्रण.

यातलं काहीच बसवायची ऐपत नसेल तर पत्र्यावर उसाचं पाचट टाका, दावं सोडून मुक्त गोठा करा, पाणी चोवीस तास सावलीत ठेवा आणि चाऱ्याचा मोठा वाटा रात्री द्या. आणि आटवलेल्या गाभण गाईला पत्र्याच्या कोपऱ्यात टाकू नका, दूध देत नाही म्हणून तिला पंखा नको असं वाटतं, पण शेवटच्या दोन महिन्यांत तापलेली गाय पुढच्या वेताला दूध कमी देते आणि वासरूही लहान निघतं.