ओढ बरोबरीत येते ती जागा वेगळी, लॅग्रांज बिंदू वेगळा

आदित्य-एल-१ जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जागी पोहोचलं, तेव्हा बेळगावपासून निपाणीपर्यंत मराठी-कन्नड दोन्ही पेपरांत एकच वाक्य फिरत होतं: सूर्याची आणि पृथ्वीची ओढ जिथे सारखी होते, तिथे हे यान उभं आहे. त्याच सुमारास खानापूरकडच्या एका हायस्कुलात मुलांशी बोलायला गेलो होतो. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, “म्हणजे आमच्यासारखंच की सर! इकडनं बेंगळूर ओढतंय, तिकडनं मुंबई, आणि आम्ही मध्येच.” वर्ग हसला. पेपरातल्या वाक्याचा त्याने लावलेला अर्थ अगदी बरोबर होता, चुकलं होतं ते वाक्यच.

दोन ओढी बरोबरीत येतात अशी जागा खरोखर आहे. पण ती पृथ्वीपासून जेमतेम २ लाख ६० हजार किलोमीटरवर आहे. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे ही जागा चंद्राच्या कक्षेच्याही आत पडते. आदित्य मात्र १५ लाख किलोमीटरवर आहे. फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ सहा पट आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती ऐकून बहुतेकांच्या भुवया वर जातात: चंद्रावर पृथ्वीपेक्षा सूर्याचीच ओढ जास्त आहे, दुपटीहून थोडी अधिक. तरी चंद्र आपल्याला सोडून जात नाही, कारण सूर्य नुसत्या चंद्राला ओढत नाही. तो पृथ्वीलाही जवळपास तेवढ्याच जोराने ओढतो आणि दोघं मिळून सूर्याभोवती वळतात. ‘कुणाची ओढ जास्त’ हा प्रश्नच इथे फसवा आहे. विचारायचं ते असं: उरलेली ओढ त्या वस्तूला पृथ्वीच्या बरोबरीने, बरोबर एका वर्षात, सूर्याभोवती फिरवायला पुरते का?

समजा, बरोबरीच्या जागी आपण एक यान ठेवलं आणि त्याला पृथ्वीइतकाच वेग दिला. दोन्ही ओढी एकमेकींना खाऊन टाकतात, यानावर निव्वळ ओढ शून्य. ऐकायला छान वाटतं. पण ओढ शून्य म्हणजे वळण शून्य, यान नाकासमोर सरळ जाणार. पृथ्वी मात्र सूर्याकडे वळत राहते, पहिल्या दिवसातच सरळ रेषेपासून सुमारे २२ हजार किलोमीटर. यान सूर्याच्या बाजूला असल्यामुळे पृथ्वी त्याच्याकडेच सरकते. अंतर कमी झालं की पृथ्वीची ओढ वरचढ होते आणि यान आपल्या दिशेने पडू लागतं. समतोल बिघडायला आठवडासुद्धा लागत नाही.

ज्या जागी ती नेमकी पुरते आणि यान पृथ्वीच्या बरोबरीने फिरत राहतं, तिला लॅग्रांज बिंदू म्हणतात, आदित्य आहे तो एल-१. आता त्याचा हिशेब मांडू. पृथ्वी आहे त्या अंतरावर सूर्याची ओढ कोणत्याही वस्तूचा वेग दर सेकंदाला ५.९३ मिलिमीटर प्रतिसेकंद इतका बदलते. वर्षभरात एक फेरी मारायला पृथ्वीला नेमकी तेवढीच ओढ लागते. एल-१ सूर्याच्या एक टक्का जवळ आहे, म्हणून तिथे सूर्याची ओढ वाढून ६.०५ होते. पण एक टक्का लहान वर्तुळात वर्षाला एकच फेरी मारायची, तर वेगही कमी लागतो आणि ओढही कमी, ५.८७ पुरते. म्हणजे ०.१८ ओढ जास्तीची झाली. ती तशीच राहिली तर यान पुढे पळेल, बुध आणि शुक्र पृथ्वीला मागे टाकतात तसं. ही जास्तीची ओढ पृथ्वी मागून कापते. १५ लाख किलोमीटरवर पृथ्वीची ओढ किती? ०.१८. हिशेब जुळला. सूर्याची ओढ तिथे पृथ्वीच्या ओढीच्या तीसपटीहून जास्त आहे, बरोबरीचा प्रश्नच येत नाही.

असाच दुसरा बिंदू एल-२, पृथ्वीच्या पलीकडे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला, तितक्याच अंतरावर. तिथे तर दोन्ही ओढी एकाच दिशेने आहेत, त्या एकमेकींना रद्द करणार तरी कशा? पेपरातलं वाक्य इथे पुरतं कोलमडतं. हिशेब मात्र तोच: सूर्याची ओढ ५.८१, मोठ्या वर्तुळासाठी हवी ५.९९, कमी पडते ०.१८. ती भर पृथ्वी घालते.

सूर्यावर अखंड नजर ठेवायची तर एल-१, हे सरळ आहे. जेम्स वेबसारख्या दुर्बिणीला एल-२ लागतो, कारण ती अवरक्त किरण पाहते आणि स्वतः गरम झाली तर तिला स्वतःचीच धग दिसेल. एल-२ वरून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही साधारण एकाच बाजूला राहतात, त्यामुळे पाच पदरी एकच पडदा तिघांची उष्णता अडवतो. हबल पृथ्वीपासून पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर घिरट्या घालते. तिथे खालून पृथ्वीची ऊब, दर दीड तासाला ऊन-सावलीचा खेळ आणि जवळपास अर्धं आकाश पृथ्वीनेच झाकलेलं.

‘एल-२ वर दुर्बीण पृथ्वीच्या सावलीत लपते’ हा आणखी एक गैरसमज. पृथ्वीची गडद सावली सुमारे १४ लाख किलोमीटरवरच संपते. नेमक्या एल-२ वरून पाहिलं तर पृथ्वीच्या कडेने सूर्याचं कंकण दिसेल, २६ डिसेंबर २०१९ ला कासरगोडकडे चंद्राभोवती दिसलं होतं तसं. वेबला तर एवढीही सावली नको, कारण तिची वीज सौर पत्र्यांवरच बनते. म्हणून ती बिंदूवर बसत नाही, त्याच्याभोवती चंद्राच्या कक्षेपेक्षाही मोठा वळसा घालते आणि एका फेरीला सुमारे सहा महिने घेते. आदित्यही एल-१ भोवती १७८ दिवसांत फेरी मारतं. तिथलं कारण वेगळं: यान बरोबर सूर्यासमोर असलं, तर जमिनीवरच्या अँटेनाला त्याच्या संदेशामागे सूर्याचा रेडिओ गोंगाटच जास्त ऐकू येईल.

हा तोल कच्चा आहे. एल-१ आणि एल-२ वरून यान पृथ्वीकडे किंवा पृथ्वीपासून दूर जरासं घसरलं, की घसरण आपोआप वाढत जाते. सुमारे तीन आठवड्यांत चूक अडीच-तीन पट होते. म्हणून वेबच्या कक्षेची दुरुस्ती साधारण एकवीस दिवसांच्या वेळापत्रकाने ठरवतात, आणि वेळीच केली तर अगदी हलका धक्का पुरतो.

वेबची एक अडचण मात्र न्यारी आहे. तिची धक्का देणारी इंजिनं पडद्याच्या उन्हाच्या बाजूला आहेत, त्यामुळे ती स्वतःला फक्त सूर्यापासून दूर ढकलू शकते. उलट ढकलायचं तर दुर्बीण सूर्याकडे वळवावी लागेल, आणि मग आरसे-उपकरणं भाजून निघतील. एल-२ च्या पलीकडे घसरली तर तिला परत आणायला उपाय नाही. म्हणून तिला कायम सूर्याच्या बाजूच्या उतारावरच ठेवतात. २५ डिसेंबर २०२१ ला सोडतानाही एरियान-५ रॉकेटने तिला मुद्दाम हवा त्याहून किंचित कमी वेग दिला आणि उरलेला वेग तिने स्वतःच्या इंधनावर भरून काढला. रॉकेटचा नेम इतका अचूक लागला की या कामाला ठरवल्यापेक्षा कमी इंधन लागलं. दहा वर्षांचं इंधन म्हणून धरलेला साठा आता वीस वर्षांहून जास्त पुरेल, असं नासाने सांगितलं.