मीज आं प्लास (उपाहारगृहातील पूर्वतयारी)

मीज आं प्लास म्हणजे ग्राहकाची पहिली ऑर्डर येण्याआधी स्वयंपाकघरातील प्रत्येक जिन्नस चिरून, शिजवून, मोजून ठरलेल्या जागी मांडून ठेवण्याची पद्धत. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘जागच्या जागी ठेवणे’ एवढाच आहे. स्वयंपाकघराची कामे विभागांत वाटून देण्याची जी रीत फ्रेंच शेफ ओग्यूस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) यांनी रुजवली, तिच्याबरोबर ही संज्ञा जगभरच्या हॉटेलांत पोचली. पुण्यातल्या किचनमध्ये तिला बहुधा ‘प्रेप’ किंवा सरळ ‘तयारी’ म्हणतात. लग्नघरच्या आचाऱ्याने आदल्या रात्री मंडळींना चिरायला बसवणे ही त्याच जातीची गोष्ट. फरक इतकाच, की आचाऱ्याला किती पाने उठणार हे माहीत असते आणि करी सेक्शनच्या कुकला ते अंदाजाने ठरवावे लागते.

ही नोंद मुख्यतः करी सेक्शनपुरती आहे. तंदूर, चायनीज आणि पँट्री यांची तयारी वेगळी असते, पण हिशोब करण्याची रीत तीच. पुण्यातली बरीच उपाहारगृहे दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होतात आणि सातला पुन्हा उघडतात. तयारीची खरी वेळ ती मधली. गर्दी मात्र साडेआठनंतर येते, आणि तेव्हा एका कुकपुढे एकाच वेळी आठ-दहा ऑर्डरींचे कागद लागलेले असतात. त्या क्षणी कांदा परतायला घेणे शक्यच नसते. म्हणून करी सेक्शन तीन-चार तयार ग्रेव्ह्यांवर चालतो: टोमॅटो-काजूची मखनी, कांदा-टोमॅटोचा चॉप मसाला, पांढरी आणि पिवळी. मेन्यूवर पंचवीस भाज्या दिसल्या तरी त्यांचा पाया याच.

यादी कशी बनते

प्रत्येक जिन्नसाचा ‘पार’ ठरलेला असतो, म्हणजे सर्व्हिस सुरू होताना हाताशी असलीच पाहिजे ती मात्रा. यादीत तीन आकडे असतात: पार किती, फ्रिजमध्ये शिल्लक किती, करायचे किती. एक शनिवार घेऊ. मखनीवरच्या डिशेस साधारण ३० जातील असा अंदाज आहे आणि एका प्लेटला १८० मिलिलिटर ग्रेव्ही लागते. म्हणजे ५.४ लिटर. त्यावर वीस टक्के जास्तीचे धरले की पार साडेसहा लिटरच्या आसपास येतो. शुक्रवारची दीड लिटर चांगल्या अवस्थेत आहे, तर आज पाच लिटर करायची. पनीर ४० प्लेटांना १२० ग्रॅमप्रमाणे ४.८ किलो. शिल्लक मात्र डोळ्यांनी अजमावायची नसते. ‘अर्धा डबा आहे’ असे लिहिणारा कुक रात्री साडेनवाला अडचणीत येतो, कारण डबा कोणता हे कुणी लिहीत नाही.

पुण्यात पार ठरवताना कॅलेंडर बघावेच लागते. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी चिकन-मटणाची मॅरिनेशन कमी करून पनीर आणि भाज्यांचा आकडा वाढवतात. अंगारकीला तर नेहमीच्या मंगळवारचा अंदाज पूर्ण चुकतो. गणेशोत्सवात पेठांच्या भागात जेवणाऱ्यांची लाट रात्री उशिरापर्यंत सरकते, त्यामुळे नुसता पार वाढवून भागत नाही. मागचा साठा कधी पुढे आणायचा हेही ठरवून ठेवतात.

कामांचा क्रम

यादी वरून खाली करत जाणे ही नवख्या कुकची सवय. अनुभवी माणूस जे सर्वांत जास्त वेळ घेते आणि ज्याकडे सारखे बघावे लागत नाही ते आधी गॅसवर चढवतो. साडेतीनला काजू गरम पाण्यात भिजतात, टोमॅटो खड्या मसाल्याबरोबर उकळायला लागतात आणि दुसऱ्या शेगडीवर चॉप मसाल्याचा कांदा पडतो. कांदा परतून निम्म्याहूनही कमी उरतो, तेव्हा यादीतले पाच किलो तयार मसाल्याचे आहेत की कच्च्या कांद्याचे, हे आधीच ठरलेले हवे. उकळलेला टोमॅटो वाटून, गाळून काजूपेस्टबरोबर पुन्हा आटवायचा. इथेच मखनी बुडाला लागते. वर बारीक तपकिरी कण दिसले आणि किंचित करपट वास आला, की तळ न खरवडता वरचा भाग लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचा. ढवळले की संपले. तो वास नंतर लोणी-साखरेने जात नाही. लोणी-क्रीमचा शेवटचा हात आणि कसुरी मेथी तयारीत घालत नाहीत, ती पॅनमध्ये ऑर्डरबरोबरच.

पाच लिटर ग्रेव्ही एका खोल पातेल्यात ठेवली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आंबायला लागतो. म्हणून संध्याकाळी लागणारी थोडी ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवतात, उरलेली उथळ ट्रेमध्ये पसरून बर्फावर थंड करतात आणि ५ अंशांखाली फ्रिजमध्ये टाकतात. ट्रेवर तारीख आणि वेळ हवी. जुना ट्रे पुढे, नवा मागे.

कोथिंबीर सर्वांत शेवटी. पावसाळ्यात मार्केट यार्डातून आलेली जुडी चिखल-पाणी घेऊनच येते. ती धुऊन, पसरून, कोरडी केल्याशिवाय चिरली तर आठच्या आत डब्यात काळी पडून चिकटते. आलं-लसणाची पेस्ट कधी हिरवट होते, तेव्हा ती बिघडली असे समजून फेकून देणारे पुष्कळ आहेत. बहुधा तो लसणातील गंधकयुक्त संयुगांमध्ये आम्लामुळे झालेला बदल असतो. आंबूस वास किंवा बुडबुडे असतील तर मात्र टाकावीच.

मांडणी

साडेसहाला सेक्शन लागतो. उजव्या हाताच्या कुकला तेल, डाव आणि मसाल्यांची पेटी उजवीकडे, ग्रेव्ह्या समोर, पनीर आणि उकडलेल्या भाज्या काउंटरखालच्या फ्रिजमध्ये. पेटीतला क्रम रोज एकच असतो, कारण गर्दीत हात न बघता जातो. मीठ आणि साखर शेजारी ठेवू नयेत, हा नियम कुठेही लिहिलेला नसतो; एकदा गोड दाल पासवर, म्हणजे वेटर प्लेटी उचलतात त्या काउंटरवर, गेली की सगळ्यांना पाठ होतो. चमचे पाण्याच्या भांड्यात, घडी घातलेली दोन कोरडी फडकी, चाखायचे चमचे वेगळे. बाहेर लागेल तेवढेच, बाकीचा साठा मागे. सातच्या आधी शेफ प्रत्येक ग्रेव्ही चाखतो, आणि जे कमी आहे ते वेटरना सांगून ठेवतो.

कमी पडले तर

तयारी तोकडी झाली की आधी चॉप मसाल्यात कळते. साडेनवाला डब्याचा तळ दिसतो, कुक तो पाण्याने वाढवतो. अशा भाजीला कडेने तेल सुटत नाही, रस्सा वेगळा आणि पाणी वेगळे दिसते, आणि घाईत घातलेल्या नव्या कांद्याची कच्ची चव जिभेवर राहते. त्यापेक्षा त्या मसाल्यावरच्या दोन डिशेस ‘नाही’ म्हणून बंद करणे चांगले. शेफ मंडळींना ते आवडत नाही, पण ग्राहकाने परत पाठवलेल्या प्लेटीपेक्षा ते स्वस्त पडते.

दुसऱ्या दिवशीची यादी सकाळी लिहीत नाहीत. रात्री साडेअकराला, शेगड्या घासत असताना, ज्याने सेक्शन चालवला तोच उरलेल्या ग्रेव्ह्या वजनकाट्यावर ठेवतो आणि आकडे फ्रिजच्या दारावरच्या कागदावर लिहून घरी जातो.