चाचणी आराखडा आणि सारांश अहवाल (एका मॉड्यूलसाठी)

सॉफ्टवेअरच्या एखाद्या मॉड्यूलची चाचणी घेण्याआधी काय तपासायचे, कशावर तपासायचे आणि कधी थांबायचे हे ज्यात लिहून ठेवतात तो चाचणी आराखडा, म्हणजे टेस्ट प्लॅन. चाचणी झाल्यावर कोणत्या टेस्ट केस, म्हणजे एकेक गोष्ट तपासण्याच्या कृती, चालवल्या, निकाल काय लागला, कोणते डिफेक्ट, म्हणजे दोष, सापडले आणि त्यांतले कोणते अजून उघडे आहेत, हे सांगतो तो सारांश अहवाल. या कागदपत्रांचा साचा आयईईई ८२९ या मानकाने १९८३ मध्ये घालून दिला. त्याच्या १९९८च्या आवृत्तीत आराखड्याची १६ कलमे आहेत. २०१३ पासून त्याची जागा आयएसओ/आयईसी/आयईईई २९११९-३ या मानकाने घेतली. एका मॉड्यूलसाठी मात्र सगळी कलमे भरत बसण्याची गरज नसते. दोन-तीन पानांचा आराखडा पुरतो, पण त्यातल्या प्रत्येक केसचा अपेक्षित निकाल नेमका लिहिलेला असावा लागतो. तो ढिला राहिला तर पुढचा अहवाल कितीही नेटका असला तरी खोटा ठरू शकतो.

उदाहरण म्हणून फाइल अपलोडचे मॉड्यूल घेऊ. मागणी एका ओळीची आहे: वापरकर्त्याला ५ एमबीपर्यंतची पीडीएफ किंवा जेपेग फाइल चढवता यावी. आराखडा लिहायला बसले की पहिला प्रश्न इथेच उभा राहतो, कारण ५ एमबी म्हणजे ५०,००,००० बाइट की ५२,४२,८८०, हे मागणीत लिहिलेले नाही. टेस्टरने अंदाजाने पुढे जाऊ नये. मागणी लिहिणाऱ्याला विचारून मिळालेले उत्तर आराखड्यात नोंदवावे. येथे ५२,४२,८८० ठरले असे धरू. त्यावरून सीमेवरच्या तीन केस सरळ निघतात: सीमेपेक्षा एक बाइट कमी, नेमकी सीमा आणि एक बाइट जास्त. पहिल्या दोन फाइली स्वीकारल्या जाव्यात आणि तिसरी नाकारली जावी.

‘नाकारली जावी’ एवढेच लिहून सोडले तर घोटाळा होतो. समजा, टेस्टरने जास्त आकाराची फाइल, फाइलीचा आकार हवा तेवढा करणाऱ्या `truncate` आदेशाने, शून्यातून तयार केली. त्या फाइलीत नुसते शून्य बाइट असतात, सुरुवातीची `%PDF-` ही खूणही नसते. मॉड्यूल ती प्रकार चुकीचा म्हणून नाकारते, आकाराची तपासणी होतच नाही आणि केसपुढे ‘पास’ लागते. म्हणून खरी पीडीएफ घेऊन तीच वाढवावी:

```
cp sample.pdf over.pdf
truncate -s 5242881 over.pdf
```

मॉड्यूल नुसती सुरुवातीची खूण पाहत असेल तर ही फाइल चालते. ते पूर्ण पीडीएफ उघडून तपासत असेल तर मात्र मोठ्या चित्रांची खरीखुरी फाइल बनवावी लागते. अपेक्षित निकालही पूर्ण लिहावा: फाइल साठवली जात नाही, ‘फाइल ५ एमबीपेक्षा मोठी आहे’ हा संदेश त्याच पानावर दिसतो आणि फॉर्ममध्ये आधी भरलेली माहिती पुसली जात नाही.

आराखड्याच्या उरलेल्या भागात तपासणीची हद्द (फाइलीचे दर्शन आणि शोध या फेरीत नाही), बिल्डचा, म्हणजे तपासायच्या तयार आवृत्तीचा क्रमांक, चाचणीचे वातावरण आणि थांबण्याची अट एवढे असावे. अट मोजता येईल अशी लिहावी: सीमेवरच्या सर्व केस चाललेल्या असाव्यात आणि गंभीर डिफेक्ट एकही उघडा नसावा.

या मॉड्यूलच्या २४ केस ठरल्या असे मानू. पहिल्या फेरीत २२ चालल्या, १८ पास आणि ४ फेल झाल्या. एक केस ब्लॉक्ड राहिली, कारण चाचणीच्या सर्व्हरवर व्हायरस तपासणारी सेवाच सुरू नव्हती. एक वेळेअभावी चालवली गेली नाही. ब्लॉक्ड आणि न चालवलेली हे दोन प्रकार वेगळे दाखवणे भाग आहे. एकात अडथळा काढून देणे कुणाचे तरी काम असते, तर दुसरीत चाचणी करणाऱ्यांनीच वेळ काढायचा असतो.

फेल झालेल्या चारपैकी तीन सीमेवरच्या केस होत्या आणि तिन्हींत वापरकर्त्यापुढे `413 Request Entity Too Large` असे सर्व्हरचे कोरे पान आले. कारण एकच निघाले. मॉड्यूलच्या आधी विनंती घेणाऱ्या `nginx` सर्व्हरवर `client_max_body_size 5m` लिहिले होते. ही मर्यादा नुसत्या फाइलीला नसते, विनंतीच्या पूर्ण मजकुराला असते. फॉर्ममधून फाइल जाताना तिच्याभोवती भाग वेगळे दाखवणाऱ्या खुणा आणि शीर्षके मिळून काहीशे बाइट जोडले जातात, त्यामुळे ५२,४२,८७९ बाइटची वैध फाइलसुद्धा अडवली गेली. तिसरी फाइल नाकारली जाणे योग्यच होते, पण नाकारले सर्व्हरने आणि मॉड्यूलचा संदेश आलाच नाही. अपेक्षित निकालात संदेश लिहिला होता म्हणूनच ही केस फेल झाली. एरवी ती पासच्या रकान्यात जाऊन बसली असती.

तीन फेल केस आणि एक डिफेक्ट, हे नाते अहवालात स्पष्ट दिसावे. डिफेक्टच्या नोंदीत बिल्ड, पावले, वापरलेली फाइल, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल असे लिहितात की डेव्हलपरला काही न विचारता तो पुन्हा घडवता येईल. ‘मोठी फाइल अपलोड होत नाही’ अशी नोंद हमखास ‘आमच्याकडे होते’ या शेऱ्यानिशी परत येते. चौथ्या फेल केसमधून दुसरा डिफेक्ट निघाला: एकाच नावाची दुसरी फाइल चढवली की पहिली पुसली जाते. माहितीच नाहीशी होत असल्याने तो गंभीर ठरतो. तिसरा डिफेक्ट केसबाहेर, सहज वापरून पाहताना मिळाला. रोमनेतर लिपीतले फाइलनाव डाउनलोड करताना बिघडते. केस मोजून डिफेक्ट मोजता येत नाहीत, ते यामुळेही.

दुरुस्तीत सर्व्हरची मर्यादा ६ एमबी झाली आणि त्याहून मोठ्या फाइलींसाठी `error_page 413` वापरून मॉड्यूलचाच संदेश दाखवला गेला. या नव्या वर्तनासाठी आराखड्यात २५वी केस वाढली. नव्या बिल्डवर फेल झालेल्या चार केसची रीटेस्ट तर झालीच, शिवाय पास झालेल्या १८ही पुन्हा चालवल्या गेल्या, कारण साठवणीचा कोड बदलला होता. जुन्या बिल्डवरचा ‘पास’ नव्या बिल्डच्या खात्यात धरणे ही या कामातली सर्वांत सर्रास आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

सारांश अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष हवा, पुढे आकडे. पहिल्या फेरीचे यश चाललेल्या केसवर मोजले तर ८२ टक्के येते, ठरलेल्या केसवर मोजले तर ७५. म्हणून टक्केवारीबरोबर छेद लिहावाच, आणि शक्यतो टक्केवारी सोडून सरळ संख्या द्याव्यात. दुसऱ्या फेरीची नोंद अशी होईल: ठरलेल्या २५, चाललेल्या २३, पास २३, ब्लॉक्ड १, न चालवलेली १, डिफेक्ट एकूण ३, बंद २, उघडा १. थांबण्याची अट पूर्ण झाली आहे, तरी व्हायरस तपासणी एकदाही पाहिलेली नाही, हे निष्कर्षातच लिहिले पाहिजे. शिफारस मग सशर्त होते: ती सेवा सुरू करून उरलेली केस चालल्यावरच मॉड्यूल सोडावे. न चालवलेली केस आणि उघडा डिफेक्ट पुढच्या आवृत्तीवर ढकलायचे असतील तर तो निर्णय टेस्टरचा नसतो. मॉड्यूलची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव, तारीख आणि संमती त्या ओळीपुढे लागते.