महालक्ष्म्यांच्या चित्रात चार हात आले कुठून?

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी आल्या की नागपुरात घरोघरी फोटो निघतात. त्याच फोटोवरून सणाचं रंगीत चित्र करून घ्यायचं, ते हळदीकुंकवाच्या निमंत्रणावर छापायचं, अशी हौस आता वाढली आहे. चित्र हाती येतं तेव्हा मात्र ज्येष्ठा-कनिष्ठा अनेकदा गायब असतात. त्यांच्या जागी कमळावर चार हातांची एकच लक्ष्मी, आणि तिच्या तळव्यातून नाणी सांडताहेत. चित्र काढणाऱ्याने हलगर्जी केली असं म्हणता येत नाही. ‘लक्ष्मी’ म्हटलं की त्याच्या हाताला हेच रूप येतं, आणि त्या रूपाला इतिहास आहे.

पुण्यात 1878 साली चित्रशाळा निघाली आणि दगडी छपाईची देवादिकांची चित्रं घराघरांत जाऊ लागली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. कमळावर उभी, चार हातांची, बाजूला हत्ती असलेली त्यांची लक्ष्मी तिथल्या छापील चित्रांतून पसरली, आणि पुढे कॅलेंडरांनी तेच रूप वर्षानुवर्षं भिंतीवर ठेवलं. या छापील चित्रांवर जर, टिकल्या आणि कापड चिकटवून देवीला साडी-दागिने चढवायची चालही तेव्हाच रुजली. म्हणजे तयार प्रतिमेला सणाचा साज चढवण्याची हौस फोनच्या कितीतरी आधीची आहे. त्यात एक शिस्त होती: साज वरून चढे, खालचे हात-पाय आणि बैठक तशीच राही.

हीच शिस्त राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांकडे फार काटेकोर दिसते. तिथल्या श्रीनाथजींचा, म्हणजे कृष्णाच्या मूर्तीचा, शृंगार ऋतूप्रमाणे आणि उत्सवाप्रमाणे बदलतो, पण वर उचललेला डावा हात आणि कमरेशी टेकलेली उजवी मूठ बदलत नाही. फोटोग्राफी आल्यावर तिथल्या काही चित्रांत यजमानांचे चेहरे फोटोतून कापून चिकटवले गेले. देव मात्र हातानेच रंगवला जाई. फोटो माणसाच्या ओळखीसाठी आणि देवाचं रूप परंपरेतून, अशी ती वाटणी मला आजही शहाणपणाची वाटते.

आपल्या महालक्ष्म्यांना ती लावायची तर आधी घरची मांडणी नीट वाचावी लागते. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराचं उदाहरण घेऊ. दोन मुखवटे, खाली धान्य भरलेल्या कोठ्या, त्यावर नेसवलेल्या साड्या, पुढे दोन बाळं, आणि वर टांगलेला फुलोरा: करंज्या, पापड्या, वेणी, फणी. दोघी सरळ समोर बघत उभ्या. त्यांना कमरेत बाक दिला की नर्तकी होतात आणि बसवलं की वेगळीच देवी होते. या घरच्या महालक्ष्म्यांना हात नाहीत, पदर खांद्यावरून सरळ खाली येतो. चित्रात तिथे आशीर्वादाचा हात काढला तर ते त्या घरचं चित्र उरत नाही. काही घरी दोन हात असतात, तिथे ते जरूर काढावेत, पण चार नाहीत. बाळं ‘गर्दी होते’ म्हणून कापली जातात आणि फुलोरा ‘नीट कळत नाही’ म्हणून झेंडूच्या तोरणात बदलतो. आजी चित्र बघून पहिल्यांदा हेच विचारतात: बाळं कुठं गेली?

दागिन्यांत मोकळीक जास्त आहे. ठुशी, चपलाकंठी, कंबरपट्टा, बाजूबंद अधिक उठावदार करा, साडीचा रंग बदला, मागे मखर उभारा. मुखवट्याचे डोळे आणि कुंकवाची रेघ मात्र फोटोतलीच हवी, कारण घरचे लोक मुखवटा त्यावरूनच ओळखतात. चितार ओळीत, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीत, रंगवून आणलेल्या मुखवट्याचे डोळे मोठे आणि सताड उघडे असतात. त्यांना अर्धोन्मीलित करून ‘शांत’ बनवलं की चेहरा परका होतो.

एक जुना घोटाळा नव्या रूपात परत आला आहे. दगडी छपाईत दगडावर चित्र उलटं काढावं लागे, तेव्हा कागदावर ते सुलटं येई. आता काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा उलटा साठवतात. ओळखायचं कसं? नथ देवीच्या डाव्या नाकपुडीत आणि पदर तिच्या डाव्या खांद्यावर असायला हवा. दोन्ही उजवीकडे दिसले तर फोटो उलटा आहे. तसंच चित्र काढलं तर ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांच्याही जागा बदलतात. कोण कोणत्या बाजूला हे घराण्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे ते अंदाजाने न ठरवता घरच्या थोरल्या सुनेला विचारलेलं बरं.

निमंत्रणाचा कागद सण संपला की रद्दीत जातो, कधी पायाखालीही येतो. म्हणून काही घरी मुखवटे छापतच नाहीत. नुसता फुलोरा आणि उंबऱ्यातून आत येणारी पावलं छापतात, आणि देवींचं पूर्ण चित्र घरात लावण्यापुरतंच काढून घेतात.