निबंधातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवणारा बॉट, आणि ते बोट खरं आहे का हे कसं तपासायचं

"एआय आता निबंध तपासतो, तोही शिक्षकांपेक्षा अचूक" अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की मशीन निबंध वाचतं, समजून घेतं आणि मार्क देतं. मार्क देणं हा तर यातला सगळ्यात जुना आणि सोपा भाग आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत एलिस पेज यांनी कॉम्प्युटरकडून निबंधांना गुण देऊन दाखवले होते, तेही निबंधाची लांबी, स्वल्पविरामांची संख्या असल्या मोजता येणाऱ्या गोष्टींवरून, आणि ते गुण माणसांनी दिलेल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळायचे. मग २०१४ मध्ये लेस पेरेलमन आणि काही विद्यार्थ्यांनी बेबेल नावाचा प्रोग्राम लिहिला, तो दोनतीन शब्द दिले की भारदस्त पण पूर्णपणे निरर्थक इंग्रजी निबंध तयार करायचा आणि तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडून त्याला भरघोस गुण मिळायचे. म्हणजे गुण जुळले याचा अर्थ निबंध कळला असा होत नाही.

म्हणून मला फीडबॅक देणारा बॉट जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षक स्वतःची रुब्रिक देतात, म्हणजे कोणते निकष आणि प्रत्येक निकषाची कुठली पातळी कशाला म्हणायची त्याचा तक्ता, आणि बॉटने प्रत्येक शेरा निबंधातल्या ठरावीक वाक्याला बांधायचा असतो. शेरा वाक्याला बांधला की तो तपासता येतो, नुसता "१० पैकी ६" तपासता येत नाही.

एक छोटा निबंध घेऊ. सॉफ्टवेअर आधी त्याची वाक्यं तोडून नंबर देतं (इथेच "डॉ." किंवा "इ.स." मधल्या टिंबाला वाक्य संपलं असं समजून पहिली गडबड होते, ते आधी बघून घ्यावं लागतं):

[१] माझ्या मते शाळेत मोबाईलला बंदी हवी.
[२] मोबाईलमुळे मुलांचं लक्ष उडतं.
[३] बऱ्याच देशांनी असे नियम केले आहेत.
[४] मोबाईलवर गेम असतात, सोशल मीडिया असतं.
[५] काही पालक म्हणतात की सुरक्षेसाठी मोबाईल लागतो.
[६] म्हणून बंदी घालणंच योग्य आहे.

रुब्रिकमधला एक निकष असा: विरोधी मत. उल्लेखच नाही तर पातळी ०, नुसता उल्लेख असेल तर १, उल्लेख करून उत्तर दिलं असेल तर २. इथे पातळी १ येते आणि चांगला शेरा असा असेल: "वाक्य ५ मध्ये पालकांचा मुद्दा घेतलास, पण वाक्य ६ त्याला उत्तर न देता थेट निष्कर्षावर जातं. सुरक्षेच्या काळजीचं काय करायचं ते मध्ये सांग." मुलाला कुठे जाऊन काय लिहायचं ते कळलं.

आता अडचण अशी की बॉटच्या आत असलेलं भाषेचं मॉडेल निबंधातून वाक्य कॉपी-पेस्ट करत नाही, ते पुढचा तुकडा कुठला येण्याची शक्यता जास्त आहे ते बघत बघत मजकूर तयार करतं. त्यामुळे त्याला वाक्य ३ उद्धृत करायला सांगितलं तर ते कधी कधी "अनेक देशांनी मोबाईलवर बंदी घातली आहे" असं लिहून मोकळं होतं. अर्थ जवळपास तोच, पण मुलाने हे लिहिलेलंच नाही, आणि न लिहिलेल्या वाक्याबद्दल शेरा खाणं यासारखं चिडवणारं दुसरं काही नाही. उपाय साधा आहे, बॉटकडून वाक्याचा नंबर आणि त्यातले शब्द दोन्ही मागायचे आणि वेगळ्या साध्या प्रोग्रामने ते शब्द मूळ वाक्यात जसेच्या तसे आहेत का ते बघायचं, नसतील तर शेरा बाद.

मराठीत इथे एक गंमत होते. "बऱ्याच" मधलं ऱ्य दोन तऱ्हेनं टाईप होतं. एका तऱ्हेत युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीतलं, `U+0931` हे वेगळं अक्षर वापरतात, दुसरीत साधा र, हलंत आणि त्यानंतर `U+200D` हे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द, आणि युनिकोडची नेहमीची एनएफसी नावाची सफाई केली तरी ते एक होत नाहीत. तुलना करण्याआधी आपणच एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलावं लागतं. हे केलं नाही तर बरोबर शेरे बाद होत राहतात आणि कारण डोळ्यांना दिसतच नाही.

पण शब्द जुळले म्हणजे ते वाक्य निबंधात आहे एवढंच सिद्ध झालं. पातळी १ खरंच त्या वाक्यामुळे आली की आधी अंदाजाने आकडा ठरला आणि मग शोभेला एक वाक्य शोधलं? मला या सगळ्यात हाच प्रश्न सगळ्यात आवडतो. मॉडेल डावीकडून उजवीकडे लिहीत जातं आणि पुढचं लिहिताना आधी लिहिलेलं त्याच्यासमोर असतं. म्हणून आकडा आधी मागितला तर नंतरचं स्पष्टीकरण त्या आकड्याची वकिली करतं. क्रम उलटा करायचा: आधी वाक्यं, मग ती काय करतात ते एका ओळीत, शेवटी पातळी. आणि एका वेळी एकच निकष, नाहीतर छान भाषेचा प्रभाव पुराव्याच्या निकषावरही पडतो. माणसांमध्येही हे होतं, मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाईक यांनी १९२० मध्येच त्यावर लिहून ठेवलंय.

तरी खात्री करायची असेल तर वाक्य काढून बघायचं. आपल्या निबंधातून वाक्य ५ पुसून तोच निबंध परत बॉटला द्या. आता विरोधी मताचा उल्लेखच उरला नाही, म्हणजे पातळी १ वरून ० वर यायला हवी. ती १ च राहिली तर बॉटने वाक्य ५ कडे बोट दाखवलं होतं पण निर्णय दुसऱ्याच कशावरून घेतला होता. उलटही करा: वाक्य ४ काढा, त्याचा या निकषाशी संबंध नाही, पातळी हलता कामा नये. हलली तर बहुतेक लांबीचा परिणाम होतोय, म्हणजे १९६६ चाच प्रश्न नव्या कपड्यात. एकाच निबंधावर उत्तर थोडं इकडेतिकडे होऊ शकतं म्हणून प्रत्येक प्रकार तीनचार वेळा चालवावा.

अजून एक सापळा म्हणजे निबंधात नसलेली गोष्ट. वाक्य ६ च्या आधी उत्तर नाही, हे "नाही" कुठल्या वाक्यात दाखवणार? बॉटला प्रत्येक शेऱ्यासाठी वाक्य द्यायची सक्ती केली तर तो बिचाऱ्या वाक्य ४ वर काहीतरी दोष चिकटवतो. त्यामुळे "पुरावा सापडला नाही" हे उत्तर मान्य हवं, आणि वाक्याऐवजी जागा सांगता यायला हवी, जसं "५ आणि ६ च्या मध्ये".

आणि कितीही तपासण्या लावल्या तरी रुब्रिकमध्ये "भाषा प्रभावी आहे" असं लिहिलं असेल तर बॉटला धरायला काही नसतं. शिक्षकांनी वीसेक निबंध बॉटचं उत्तर न बघता स्वतः तपासावेत, प्रत्येक निकषाला आधाराच्या वाक्यांचे नंबर लिहावेत, आणि दुसऱ्या एका शिक्षकांकडूनही तेच करून घ्यावं. दोन शिक्षकांचे नंबर जुळतात आणि बॉटचे जुळत नाहीत त्या निकषात बॉटकडून फीडबॅक घेऊ नये. जिथे दोन शिक्षकांचेच जुळत नाहीत तिथे रुब्रिकची ती ओळ परत लिहायची, उदाहरणार्थ "प्रभावी" च्या जागी "प्रत्येक कारणाला निदान एक ठोस उदाहरण आहे", आणि मगच तेच निबंध परत बॉटला द्यायचे.